बंब गेला, पत्ता राहिला

आमच्या कंपनीचं जुनं नाव मी इथे लिहिणार नाही. गेले आठ महिने ते नाव जिथे दिसेल तिथून पुसते आहे. उगाच आणखी एक जागा कशाला वाढवू? एवढंच सांगते, त्या नावात ‘बंब’ होता. आजोबा तांब्याचे बंब विकायचे, तेव्हा ते शोभायचं. पुढे बाबांनी गच्चीवरचे सोलर हीटर विकायला घेतले, धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड केली, पण नावातला बंब काही खाली उतरवला नाही. हल्ली बंब म्हटलं की लोकांना पाणी तापवणारा आठवत नाही, आग विझवणारा आठवतो. दिवाळीत रात्री अकरा वाजता एका बाईंनी फोन करून शेजारच्या गच्चीवर रॉकेट पडल्याची वर्दी दिली, आणि बाबा नाव बदलायला तयार झाले.

त्याच सुमारास नारायण पेठेतलं दुकान सोडून आम्ही नऱ्ह्याला गेलो. नाव, पत्ता आणि फोन, तिन्ही एकदम बदललं. सरकारदरबारी हे काम बरंच सोपं निघालं. ठराव झाला, फॉर्म भरले, नवीन नावाचं प्रमाणपत्र आलं, पेढे वाटले. मग मी माळ्यावर चढले आणि तिथे माहितीपत्रकांचे गठ्ठे दिसले. अठ्ठावीसशे. तीन घड्यांचं, चार रंगांत छापलेलं, जाड आर्ट पेपरचं पत्रक. दर पत्रकावर बंब.

“रद्दीत घाल,” असं म्हणणारे बाप वेगळे. आमचे बाबा म्हणाले, “अगं, कागद बघ केवढा गुळगुळीत आहे! वरून स्टिकर लाव की.”

स्टिकर छापून आणले. पांढरे, चकचकीत, स्वस्त. आईच्या भिशीच्या सहाजणी दुपारी जमल्या, चिवडा-चहा झाला आणि संध्याकाळपर्यंत चारशे पत्रकं उरकली. सगळ्या खूश. मी एक पत्रक उचलून सहज खिडकीशी धरलं, तर नवीन नावाच्या पोटातून जुनं नाव असं स्पष्ट दिसलं, जसं पातळ साडीतून परकर दिसतो. साधा स्टिकर गडद छपाई झाकत नाही. त्यासाठी ज्याच्या पाठीमागचा चिकटा करडा असतो तो स्टिकर लागतो. छपाईवाल्याला ‘मागचं दिसायला नको’ असं आधी सांगितलं तर तो तोच देतो, न सांगितलं तर स्वस्तातला देतो. मी न सांगणाऱ्यांतली.

करड्या पाठीचे आणले. आता आरपार दिसेना, पण पत्ता नेमका घडीवर छापलेला होता. घडीवरचा स्टिकर दोनदा उघड-मीट झाली की कडेने सुटतो, आणि सुटलेली कड दिसली की मराठी माणसाच्या नखाला राहवत नाही. आमचा लातूरचा डीलर सांगत होता, “गिऱ्हाईक पहिल्यांदा स्टिकरच खरवडतंय. म्हणतंय, खाली जुनी किंमत असेल.” खाली किंमत नव्हती, बंब होता. तेवढ्यावरून तो आम्हाला विचारत होता, की कंपनी बुडाली का हो तुमची?

तेव्हा मी नवीन छापायचं ठरवलं. बाबांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी ‘हजारच्या वर नको’ असं म्हणून सोडला.

नवीन छापणं म्हणजे जुन्या फाइलीत चार ओळी बदलणं, असा माझा समज होता. आमचं पत्रक जिथे तयार झालं होतं त्या डीटीपीवाल्या दिगंबरकडे गेले. त्याने कोरलड्रॉमध्ये फाइल उघडली. मी म्हटलं, “शोधून काढ ना जुनं नाव, म्हणजे जिथे जिथे आहे तिथे एका झटक्यात बदलेल.” त्याने माझ्याकडे शाळेतल्या मास्तरांसारखं बघितलं. “ताई, यात अक्षरंच नाहीत.”

ते खरं होतं. प्रेसला फाइल देताना समोरच्याकडे तो फाँट नसला तर मजकुराचं वाटोळं होतं, म्हणून डीटीपीवाले अक्षरांचं रूपांतर ‘कर्व्ह’मध्ये करतात. मग ‘बं’ हे अक्षर राहत नाही, ‘बं’च्या आकाराचं चित्र उरतं. डोळ्यांना सगळं वाचता येतं, कॉम्प्युटरला एक अक्षर सापडत नाही. कर्व्ह करण्याआधीची फाइल जपून ठेवायची असते. दिगंबरने ती ठेवली होती, पण तिच्यातही शोध घेतला तर शून्य. कारण मजकूर जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेला. पडद्यावर शुद्ध मराठी दिसतं, पण यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ असते. त्या भेळेत युनिकोडमधला ‘बंब’ शोधणं म्हणजे पुण्यात तमिळमधून पत्ता विचारणं.

थोडक्यात, डोळे हेच साधन उरलं. दिगंबरने पत्रक चौपट मोठं केलं आणि आम्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शेत नांगरल्यासारखे फिरलो. नाव, पत्ता, फोन यांचा मिळून आकडा मी आधी पाच धरला होता. सतरा निघाले.

ठळक जागा चटकन सापडल्या. बाकीच्या जिथे दबा धरून बसल्या होत्या, तिथे मी जन्मात बघितलं नसतं. वॉरंटीच्या अटींत मुंगीएवढ्या अक्षरांत ‘तक्रार खालील पत्त्यावर लेखी करावी’ होतं. नकाशात दुकानाच्या जागी लाल टिंब, त्याला बाण, आणि बाणाच्या शेपटीवर नाव. एका ग्राहकाच्या अभिप्रायात तर ‘...यांचा हीटर घेतल्यापासून आमच्या आईंचे गुडघे’ अशी सुरुवात. आता ग्राहकाच्या तोंडचं वाक्य आपण कसं बदलायचं? शेवटी त्यांना फोन केला. त्या गृहस्थांनी परवानगी दिली, पण अर्धा तास गुडघ्यांबद्दल बोलले. एका कोपऱ्यात फोन नंबर सात आकडी होता, म्हणजे पुण्याच्या नंबरांच्या सुरुवातीला दोनचा आकडा लागण्याआधीचा. तो मागच्या तीन छपायांतून कुणाच्याही नजरेस न पडता सुखरूप पार झाला होता. मला त्याचं कौतुकच वाटलं.

सोळा झाले. दिगंबरने प्रिंट काढली, चहा मागवला. चहा आणणारा पोऱ्या प्रिंटकडे बघत म्हणाला, “टाकीवर दुसरंच नाव आहे.” मुखपृष्ठावर गच्चीचा मोठा फोटो, निळं आकाश, काचेच्या नळ्या, आणि वर आडव्या टाकीवर वीतभर अक्षरांत बंब. आम्ही दोघं अक्षरं शोधत होतो, त्यामुळे चित्राकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून माझा नियम असा, की शेवटचं प्रूफ ज्याचा धंद्याशी काही संबंध नाही अशा माणसाला दाखवायचं. दिगंबर टाकीवरचं नाव पुसून देतो म्हणाला, पण पुसलेली टाकी आजारी दिसायला लागली. नवीन टाकीचा नवीन फोटो काढला. आकाश तेवढं निळं मिळालं नाही.

वेबसाइटवरच्या पीडीएफचं काम भाच्याने आधीच ‘करून टाकलं’ होतं. इंग्रजी पत्रक, दिसायला स्वच्छ. पण गूगलवर जुना नंबर टाकला की तेच पहिलं यायचं. त्याने जुन्या मजकुरावर पांढरा चौकोन ठेवला होता, बस्स. खालचा मजकूर जिवंतच होता. माउसने सगळं निवडून दुसरीकडे चिकटवलं तर बंबापासून पेठेपर्यंत सगळी वरात बाहेर पडली. शिवाय फाइल उघडली की ब्राउझरच्या टॅबवर जुनंच नाव. कारण तिथे फाइलचं नाव दिसत नाही, तिच्या प्रॉपर्टीजमधलं ‘टायटल’ दिसतं आणि ते कुणी बदललेलं नव्हतं. त्यावर कडी म्हणजे नवीन पीडीएफ त्याने नवीन नावाने चढवली होती. जुनी फाइल सर्व्हरवर आपल्या जागी शाबूत होती, आणि ज्यांच्याकडे जुनी लिंक होती त्यांना तीच उघडत होती. मूळ फाइलमध्ये दुरुस्ती करून नवीन पीडीएफ काढायची आणि जुन्याच्याच पत्त्यावर, जुन्याच्याच नावाने, तिच्या उरावर बसवायची, एवढं त्याला समजावताना माझा घसा बसला. “पण मावशी, मग फाइलच्या नावात बंब राहील ना!” राहू दे बाबा. तेवढा एक राहू दे.

जुना डोमेनही आम्ही सोडला नाही. आधीच वाटलेल्या पत्रकांवरच्या क्यूआर कोडच्या ठिपक्यांतच तो पत्ता छापलेला आहे, तो आता बदलता येत नाही. डोमेन सोडला आणि उद्या भलत्याने घेतला, तर आमच्याच पत्रकावरून लोक त्याच्या दारात जातील. म्हणून दरवर्षी पैसे भरून बंबाला तिकडून इकडे वळवत बसायचं.

सतराच्या सतरा जागा साफ करून, पीडीएफ धुऊन, मी छाती पुढे काढून आमच्या सीएंकडे गेले. त्यांनी पत्रक पाहिलं, नवं लेटरहेड पाहिलं आणि चष्मा काढला. “जुनं नाव कुठाय?”

“काढलं!” मी म्हटलं.

“कशाला काढलंत? दोन वर्षं लागतं ते.”

कंपनी कायदा, २०१३, कलम १२. कंपनीने नाव बदललं असेल, तर पुढची दोन वर्षं बोर्डावर, लेटरहेडवर, बिलांवर नव्या नावासोबत जुनंही लिहायचं. माहितीपत्रक त्या यादीतल्या ‘अधिकृत प्रकाशनां’त बसतं का, यावर सीए पाच मिनिटं स्वतःशीच वाद घालत होते. शेवटी म्हणाले, “लिहा एक ओळ, बिघडत काय?” काय बिघडतं ते त्यांना कसं सांगणार? मी दिगंबरकडे परत गेले. मागच्या पानावर सगळ्यात लहान अक्षरांत ‘पूर्वीचे नाव’ म्हणून बंब परत आला. बाबांना मात्र ती ओळ फार आवडली. म्हणाले, “अक्षर जरा मोठं घे की.”

घेतलं नाही. हजार प्रती छापायला दिल्या. पत्ता नऱ्ह्याचा, फोन नवा, टाकी नवी. गुरुवारी गठ्ठे पोचतो म्हणालेला प्रेसवाला शुक्रवारीही फिरकला नाही. शनिवारी सकाळी नव्या नंबरवर पहिला अनोळखी फोन आला. मी आनंदाने नवीन नाव सांगून नमस्कार केला.

“ताई, मी नारायण पेठेतून बोलतोय. मोबाइल कव्हरचं दुकान आहे माझं. तुमचे चार गठ्ठे दोन दिवस माझ्या दारात पडलेत. वर तुमचा जुना पत्ता आहे, प्रेसवाल्याच्या वहीत तोच असणार. आत बघितलं तर नंबर सापडला, म्हणून फोन केला.” मग जरा थांबून म्हणाला, “दोनशे लिटरचा केवढ्याला पडतो हो?”