एन्गल्फिंग, डोजी आणि रेंजच्या मधला चिखल

"बुलिश एन्गल्फिंग दिसली की बाय, बेअरिश दिसली की सेल, डोजी आली की ट्रेंड फिरणार. चार्टवर कुठे आली ते बघायची गरज नाही, पॅटर्न म्हणजे पॅटर्न. मी चेक केलंय, काम करतं."

असं सांगणारे बरेच भेटतात, पण पॅटर्न चार्टवर कुठे आला यावरच त्याचा अर्थ ठरतो. आधी एन्गल्फिंगचं बघू. समजा एक शेअर महिनाभर 480 ते 520 मध्ये फिरतोय. 480 च्या जवळ आला की खरेदी येते, 520 जवळ विक्री, हे दोन-तीनदा झालंय आणि सगळ्यांना दिसतंय. आता एक दिवस तो 478 ला जातो, 480 तुटलं म्हणून काही लोक शॉर्ट करतात, ज्यांनी आधी घेतलेलं त्यांचे स्टॉपलॉस उडतात, आणि त्याच दिवशी भाव फिरून 486 ला बंद होतो, कॅन्डलची बॉडी आदल्या दिवसाची लाल बॉडी अख्खी गिळते. इथे कोणीतरी अडकलंय ना. ज्यांनी 479 ला शॉर्ट केलं त्यांना आता तोट्यात परत विकत घ्यावं लागणार, आणि ती खरेदीच भाव वर ढकलते. एन्गल्फिंगचा अर्थ इथून येतो, हिरवा रंग मोठा दिसला म्हणून नाही.

आता तीच कॅन्डल 500 ला टाका. लो 496, क्लोज 503. कोण अडकलं? कोणीच नाही, कारण 500 ला कुठली पातळी नव्हती, तिथे कोणाचे स्टॉपचे ढीग लागलेले नव्हते. आदल्या दिवशी जरा विक्री जास्त होती, आज जरा खरेदी जास्त, संपलं.

हिशोबही करून बघा. खालच्या केसमध्ये 486 ला एन्ट्री, स्टॉप 477, म्हणजे 9 रुपये रिस्क आणि 518 पर्यंत 32 रुपये मोकळे. मधल्या केसमध्ये 503 ला एन्ट्री, स्टॉप 495, रिस्क 8 आणि वर जेमतेम 15. वरून हा शेअर रोज सहज 10 रुपये इकडेतिकडे करतो, म्हणजे 495 चा स्टॉप नुसत्या हालचालीत उडणार, तुमचा अंदाज बरोबर असला तरी उडणार 😅

डोजीचं तर अजूनच सोपं आहे. ओपन आणि क्लोज जवळपास एकच, म्हणजे दोघांची बरोबरी. रेंजच्या मध्ये बरोबरी ही बातमीच नाही, तिथे महिनाभर तेच चाललंय. पाच मिनिटांच्या चार्टवर दुपारी बारा ते दोन बघा, व्हॉल्यूम आटलेला असतो आणि डोजीमागून डोजी येतात, प्रत्येकीवर ट्रेंड फिरवायचा ठरवलं तर दिवसभर ब्रोकरेजच भरत बसाल. हां, तीन मोठ्या हिरव्या कॅन्डल मारून भाव 519 ला आला आणि तिथे डोजी पडली, तर वेगळं. खरेदीवाल्यांचा जोर होता तो विक्रीसमोर अडला, हे नवीन कळलं. तिथेही लगेच शॉर्ट नको, पुढची कॅन्डल डोजीच्या लोच्या खाली बंद होऊ द्या.

आणि "पॅटर्न म्हणजे पॅटर्न" याला तर आपल्याच मार्केटमध्ये उत्तर आहे. एनएसई 9:15 ला उघडतं, 3:30 ला बंद, एकूण 375 मिनिटं. एका तासाच्या चार्टवर शेवटची कॅन्डल फक्त 15 मिनिटांची असते, तरी लोक तिच्यावर एन्गल्फिंग काढतात! तासाची कॅन्डल 9:15 ऐवजी 9:30 पासून मोजायला लागा, मधल्या भागातले बरेच पॅटर्न गायब होतील किंवा दुसरेच दिसतील. पण 480 तुटलं आणि भाव परत वर आला ही घटना कुठेही रेघ मारली तरी दिसतेच, कारण ती घड्याळावर नाही, भावावर ठरते. डेली डोजीचंही तसंच, कॅश मार्केटमध्ये क्लोज शेवटच्या अर्ध्या तासाच्या वेटेड अ‍ॅव्हरेजने काढत आलेत, त्यामुळे शेवटचा सौदा घेणाऱ्या चार्टवर आणि क्लोज घेणाऱ्या चार्टवर एकाच दिवशी एकीकडे डोजी आणि दुसरीकडे छोटी लाल कॅन्डल असं होऊ शकतं.

राहिलं "मी चेक केलंय". चेक करताना पॅटर्न मोजले की फक्त चाललेले स्क्रीनशॉट? चार्ट मागे सरकवून बघितला की डोळा आपोआप टॉप-बॉटमवरच्या कॅन्डलवर जातो, मधल्या फसलेल्या शंभर तर दिसतही नाहीत. दोन वेगळे ढीग करा, रेंजच्या कडेच्या आणि मधल्या, आणि मग निकाल मोजा.

लेव्हलवर आली म्हणजे चालणारच असंही नाही हं. 478 वाली एन्गल्फिंग झाल्यावर भाव परत 477 च्या खाली बंद झाला तर समजायचं की खरेदीवाले संपले, आता खालचा ब्रेक खरा आहे, तिथे अ‍ॅव्हरेज करत बसायचं नाही. आणि 480 म्हणजे एक रेघ नाही, 477 ते 482 असा पट्टा धरा, नाहीतर 481.50 ला फिरलेली कॅन्डल "लेव्हलवर नव्हती" म्हणून सोडून द्याल.