‘प्रीपोन’ला हद्दपार करायला निघालेल्यांना उत्तर

“प्रीपोन असा शब्द इंग्रजीत नाहीच, तो आपण भारतीयांनी तयार केलाय. डू द नीडफुल, रिव्हर्ट, आय हॅव अ डाउट हे सगळं चुकीचं इंग्रजी आहे आणि परदेशात लोक त्यावर हसतात. प्रीपोनऐवजी मूव्ह फॉरवर्ड म्हणा आणि बाकीचे शब्द बोलण्यातून कायमचे काढून टाका.”

गेल्या महिन्यात हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला. पुण्यात बसून ब्रिटन-अमेरिकेतल्या टीमशी रोज बोलणं हेच माझं काम आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. यातलं बरंचसं खोटं आहे, आणि सुचवलेला उपाय तर मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे.

आधी प्रीपोनचा जन्म. १९१३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एका वाचकाचं पत्र छापून आलं. पोस्टपोनला जोडीदार हवाच आहे, तर मुख्यतः वकीलमंडळींच्या सोयीसाठी मी प्रीपोन हा शब्द घडवू का, असं त्याने त्यात विचारलं होतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात ही नोंद आहे. घडणही चोख आहे: लॅटिनमधलं ‘नंतर ठेवणे’ म्हणजे पोस्टपोन, ‘आधी ठेवणे’ म्हणजे प्रीपोन. तिकडे तो शब्द रुजला नाही, आपल्याकडे रुजला, एवढंच. तेव्हा लाज वाटण्याचं काही कारण नाही.

अडचण आहे ती ऐकणाऱ्याच्या कानाची. ज्याने हा शब्द कधी ऐकलेलाच नाही, त्याला फोनवर प्रीपोन आणि पोस्टपोन यांत पहिल्या अक्षराचाच फरक जाणवतो. लाइन जरा खरखरली की त्याचा मेंदू ओळखीचा शब्द उचलतो आणि तो मीटिंग लांबली असं समजून निवांत होतो. हसणं दूरच, त्याला काही वेगळं ऐकल्याचं कळतही नाही.

आता मेसेजने सुचवलेलं मूव्ह फॉरवर्ड. मानसशास्त्रज्ञ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना एक प्रश्न विचारत आले आहेत: पुढच्या बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली, तर ती आता कोणत्या वारी? उत्तरं सोमवार आणि शुक्रवार अशी साधारण निम्मी-निम्मी येतात. काळाकडे आपण चालत जातो असं मनात धरलं तर फॉरवर्ड म्हणजे शुक्रवार. काळच आपल्याकडे येतोय असं धरलं तर सोमवार. मराठी माणसाची गत याहून अवघड, कारण आपल्याकडे मीटिंग ‘पुढे ढकलली’ म्हणजे ती लांबलीच, आणि लवकर करायची तर ‘अलीकडे घेतली’. मनात मराठी चालू असलेला माणूस मूव्ह फॉरवर्ड हे शब्द लांबणीवर टाकणं म्हणूनच ऐकणार.

हे माझ्याच हातून घडलंय. बुधवार, १४ तारखेची चर्चा सोमवारी घ्यायची होती. मी सगळ्यांना ‘दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड’ असं कळवलं. सोमवारी इंग्लंडचे दोघे हजर झाले. माझ्याच शेजारच्या टेबलावरचा सहकारी जेवायला गेला होता, कारण त्याच्या वहीत शुक्रवार लिहिलेला होता. ब्रिटिश लोक यासाठी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतात, अमेरिकन ‘मूव्ह अप’. दोन्ही बरोबर, पण दोन देशांचे लोक एकाच कॉलवर असतील तर मी दोन्ही टाळते. सरळ लिहिते: “द मीटिंग इज नाऊ ऑन मंडे द ट्वेल्फ्थ, इन्स्टेड ऑफ वेन्सडे द फोर्टीन्थ.” वेळेपुढे ‘इंडिया टाइम’ असं पूर्ण लिहिते, कारण आयएसटी ही आद्याक्षरं आयर्लंड आणि इस्राएलचे लोकही आपापल्या वेळेसाठी वापरतात. क्रियापदाचा अर्थ लावायची वेळच कुणावर येत नाही.

डू द नीडफुल आपण बिघडवलेलं नाही. ते जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारातलं आहे. तिकडे मागे पडलं, आपल्या कचेऱ्यांत टिकलं, आणि मराठीत ‘योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती’ या रूपात आजही सरकारी पत्राच्या तळाशी दिसतं. आपल्याकडे ते चालतं, कारण कोणती कार्यवाही हे पत्र घेणाऱ्या बाबूला पाठ असतं. परदेशातल्या माणसाला नसतं. त्याला हे वाक्य जुनाट तर वाटतंच, पण खरं नुकसान असं की काय करायचं हेच त्याला कळत नाही आणि मेल तसाच पडून राहतो. “प्लीज अप्रूव्ह द इन्व्हॉइस बाय थर्सडे” असं लिहिलं की काम, माणूस आणि मुदत तिन्ही स्पष्ट होतात.

रिव्हर्टचं प्रकरण सॉफ्टवेअरमध्ये जास्त नाजूक आहे. ‘उत्तर कळवा’ या अर्थाने हा शब्द सिंगापूर-मलेशियातही सर्रास चालतो. ब्रिटन-अमेरिकेत मात्र रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. त्यात कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधली `git revert` ही आज्ञा तर आधीचा बदल उलटवण्यासाठीच आहे. मग “प्लीज रिव्हर्ट ऑन द चेंजेस” हे वाचून समोरच्याने तुमचे बदल काढून टाकले, तर त्याला बोल कसा लावणार? इथे ‘रिप्लाय’ किंवा ‘लेट मी नो’ लिहावं.

पदवी घेऊन बाहेर पडलो या अर्थाच्या पास्ड आउट या शब्दावरही मेसेजवाल्यांचा रोष असतो. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत पासिंग आउट परेड होते, ती पद्धत ब्रिटिश सैन्याचीच. पण सैन्याबाहेर तो शब्द शुद्ध हरपण्यासाठी आहे, म्हणून बायोडेटात ‘ग्रॅज्युएटेड इन २०१९’ लिहावं.

सगळ्यात जास्त काळजी मला डाउटची वाटते, कारण तिथे चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. मराठीत शंका एकच: न समजलेलं विचारायचं तीही शंका, आणि विश्वास बसत नाही तीही शंका. ‘काही शंका असतील तर विचारा’ हे आपण पहिलीपासून ऐकतो. इंग्रजीत पहिलीसाठी ‘क्वेश्चन’ आणि दुसरीसाठी ‘डाउट’ अशी वाटणी आहे. आमच्याकडे सांगलीहून आलेल्या एका नव्या मुलीने इंग्लंडमधल्या ज्येष्ठ आर्किटेक्टला लिहिलं, “आय हॅव सम डाउट्स अबाउट युअर डिझाइन.” तिला फक्त दोन आकडे विचारायचे होते. त्याचं उत्तर भलंमोठं आलं, आपलं डिझाइन कसं योग्य आहे आणि ते कुणी कुणी तपासलं याचं. ती घाबरून माझ्याकडे आली, “ताई, मी काही चुकीचं बोलले का?”

व्याकरणात ती कुठेच चुकली नव्हती. आम्ही दोघींनी मिळून एक ओळ लिहिली, “सॉरी, आय मेन्ट आय हॅव टू क्वेश्चन्स”, आणि खाली ते दोन प्रश्न एकेका ओळीत मांडले. दोन्ही आकडे जेवणाच्या सुट्टीआधी आले.