हजार शब्दांत पंच्याऐंशी टक्के मराठी?

«मराठीत सर्वाधिक वापरले जाणारे १,००० शब्द पाठ केले की ८५ टक्के मराठी समजू लागते. फळा-फुलांचे तक्ते बाजूला ठेवा. शब्दांची यादी नेटवर फुकट मिळते, पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करा आणि रोज दहा शब्द घ्या. शंभर दिवसांत तुमची सूनबाई किंवा नातवंडे मराठी बोलू लागतील.»

इंदूरमधल्या मराठी कुटुंबांच्या गटांमध्ये हा मजकूर गेले काही महिने फिरतो आहे. हिंदीभाषक घरांतून आलेल्या सुनांना आणि इथेच वाढलेल्या मुलांना मी मराठी शिकवतो, त्यामुळे तो माझ्याकडेही अनेकांनी पाठवला. त्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. गेंडा, डाळिंब आणि जांभळा हे शब्द तक्त्यावरून आधी शिकवायचे आणि ‘मग’, ‘पण’, ‘नको’, ‘अजून’ यांची पाळी शेवटी येऊ द्यायची, ही पद्धत खरोखरच वेळ वाया घालवते. जे शब्द वारंवार कानावर पडतात ते आधी शिकावेत, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो टक्केवारीशी, यादीशी आणि क्रमांकाशी.

आधी टक्क्यांचे पाहू. मजकुरातले ८५ टक्के शब्द ओळखीचे असणे आणि मजकूर ८५ टक्के समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सासूबाईंनी सुनेला पाठवलेला हा पंचवीस शब्दांचा निरोप पाहा: «मी रामबागेत आहे आणि मला यायला वेळ लागेल. कपाटातल्या बरणीत विरजण आहे, ते दुधात घाल. दूध आधी कोमट कर, उकळू नकोस. मग वर झाकण ठेव.» यातले बरणीत, विरजण, कोमट, उकळू आणि झाकण हे पाच शब्द सुनेला येत नाहीत आणि उरलेले वीस येतात असे धरू, म्हणजे बरोबर ८० टक्के शब्द ओळखीचे झाले. तिच्या हाती काय लागते ते आता वाचा: «कपाटातल्या … … आहे, ते दुधात घाल. दूध आधी … कर, … नकोस. मग वर … ठेव.» सासूबाईंना उशीर होणार आहे आणि दुधात काहीतरी घालायचे आहे, एवढेच तिला कळले. दूध तापवायचे की गार करायचे, कपाटातून काय काढायचे आणि वर काय ठेवायचे, यातले काहीच कळले नाही. निरोप ज्या कामासाठी पाठवला होता, ते काम त्या पाच शब्दांतच होते.

हा योगायोग नाही. वारंवार येणारे शब्द वाक्याचा सांगाडा उभा करतात आणि बातमी बहुतेक वेळा विरळ शब्दांत असते. इंग्रजीच्या बाबतीत याची रीतसर परीक्षा झालेली आहे. हू आणि पॉल नेशन या भाषासंशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गोष्टीतले काही शब्द काढून त्यांच्या जागी निरर्थक शब्द घातले आणि शिकणाऱ्यांना ती वाचायला दिली. ८० टक्के शब्द ओळखीचे असताना एकालाही गोष्ट पुरेशी समजली नाही. आधाराशिवाय समजण्यासाठी ९८ टक्क्यांच्या आसपास जावे लागते, म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी शब्द चालतो. संदेशातला आकडाही बहुधा इंग्रजीवरूनच आला असावा, कारण इंग्रजीत पहिली हजार शब्दकुले, म्हणजे एका मूळ शब्दाची सगळी रूपे मिळून एक असे धरलेले गट, मजकुराचा साधारण ८० टक्के भाग व्यापतात. तिथे मोजलेली असतात शब्दकुले, सुटी रूपे नव्हेत, आणि मराठीसाठी खरी अडचण इथूनच सुरू होते.

नेटवरच्या बहुतेक याद्या संगणकाने केलेल्या असतात आणि दोन मोकळ्या जागांमध्ये जे सापडेल त्याला संगणक एक शब्द धरतो. हिंदीत «घर में», «घर से», «घर का» असे सुटे लिहितात, म्हणून घर एका ओळीत जमा होतो आणि में, से, का हे यादीच्या अगदी वर येतात. इंग्रजीतही तसेच आहे. ब्राउन कॉर्पस या दहा लाख शब्दांच्या संग्रहात ‘द’ हा एकच शब्द सुमारे ७०,००० वेळा येतो आणि यादीच्या शिरावर बसतो. मराठीत मात्र घर, घरी, घरात, घरातून, घराला, घराचा, घराची, घराच्या, घरापर्यंत, घरासमोर या दहा निरनिराळ्या ओळी होतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला थोडीथोडी संख्या येते. वरच्या निरोपातले दूध आणि दुधात हे दोन शब्द यादीच्या लेखी वेगळे आहेत. हजारांत दूध असेल, पण दुधात आणि कपाटातल्या नसतील, तर वीस ओळखीच्या शब्दांतून दोन आणखी गळतात आणि ८० टक्क्यांचे ७२ होतात.

याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मराठीत सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या गोष्टींत -त, -ला, -ने, -चा, -ची, -च्या हे प्रत्यय आहेत, पण ते कधीच सुटे लिहिले जात नसल्यामुळे यादीत कुठेच सापडत नाहीत. सामान्यरूपाचेही तेच होते. घरचे घरा- होणे, दूधचे दुधा- होणे, मुलगाचे मुला- होणे, रस्ताचे रस्त्या- होणे हा बदल जवळपास प्रत्येक वाक्यात येतो आणि त्यालाही क्रमांक नसतो. म्हणून मराठीसाठी यादी वापरायची असेल तर पहिले काम शब्द फोडण्याचे असते: दुधात म्हणजे दूध अधिक -त, कपाटातल्या म्हणजे कपाट अधिक -तल्या, आणि यायला म्हणजे येणे अधिक -ला. मूळ शब्दाची बेरीज एकीकडे आणि प्रत्ययाची दुसरीकडे केली की दोन लहान याद्या होतात. प्रत्ययांची यादी एका पानात मावते आणि पहिल्या महिन्यात तीच सर्वाधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

नेटवरून यादी उतरवताना ती कशावरून मोजली आहे हेही पाहावे लागते. काळजीपूर्वक केलेल्या संग्रहात उतारे निवडून घेतलेले असतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तयार झालेल्या भारतीय इंग्रजीच्या संग्रहात १९७८ सालच्या लेखनातून निरनिराळ्या प्रकारांचे, प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० उतारे आहेत, ते याच कारणासाठी. मराठीच्या फुकट याद्या मात्र पुष्कळदा विकिपीडिया आणि बातम्यांवरून काढलेल्या असतात, आणि मराठी विकिपीडियावर गावांच्या छोट्या नोंदी फार असल्यामुळे जिल्हा, तालुका, लोकसंख्या असे शब्द वर चढतात. झोप, उशी, चमचा, जेवलीस हे खाली राहतात. रोजच्या आयुष्यात सूनबाईंना तालुक्यापेक्षा उशीची गरज कितीतरी जास्त पडते.

पहिल्या क्रमांकापासून क्रमाने जाण्याचा सल्ला हिंदीभाषकांसाठी तर चुकीचाच आहे. पाणी, हात, काम, दिवस, लोक हे शब्द त्यांना आधीच येतात, त्यामुळे दहापैकी काही दिवस त्यांनी आपल्याच भाषेतले शब्द पाठ करण्यात घालवले असे होते. धोका आहे तो दिसायला सारख्या आणि अर्थाने वेगळ्या शब्दांचा, कारण ते यादीच्या अगदी वरच्या भागात असतात. «तुम्ही का आलात?» यातला ‘का’ कारण विचारतो, पण हिंदी कान तो षष्ठीचा प्रत्यय म्हणून ऐकतो. ‘तो’ हिंदीत जोर देतो आणि मराठीत माणूस दाखवतो. ‘ही’चेही तसेच आहे. नाव म्हणजे होडी असे समजून माझ्या वर्गातल्या एका सूनबाईंनी «तुमचं नाव काय?» या प्रश्नावर क्षणभर विचार केला होता. म्हणून यादी हाती आली की मी तिचे तीन भाग करतो: हिंदीसारखेच असलेले, फसवे, आणि नवे. पहिल्यावर फक्त नजर फिरवायची असते. फसव्यांना पूर्ण वाक्य आणि सर्वांत जास्त वेळ लागतो. नवे मात्र मोजणीच्या क्रमाने घेता येतात.

त्याच सूनबाईंसाठी आम्ही घरचीच यादी केली. सासूबाईंचे दोन महिन्यांचे फोनवरचे निरोप एकत्र केले, शब्द फोडून वहीत उतरवले, आणि प्रत्येक शब्दापुढे तो किती वेळा आला हे लिहिण्याऐवजी किती निरनिराळ्या दिवशी आला हे लिहिले. हा फरक महत्त्वाचा आहे. मोदक आणि आरास हे शब्द गणपतीच्या दिवसांत पुष्कळ वेळा आले होते, पण तेवढ्याच दिवसांत. ठेव, काढ, घाल, लाव ही क्रियापदे दोन्ही महिने सारखी पसरलेली होती. एकूण वेळा मोजल्या असत्या तर मोदक बराच वर गेला असता, दिवस मोजल्यावर तो खाली आला आणि ‘लाव’ वर आला.

‘लाव’पाशी मोजणीची आणखी एक मर्यादा उघडी पडली. दिवा लाव, दार लाव, कुकर लाव, फोन लाव, विरजण लाव, हे सगळे यादीत एकाच ओळीत येते. या सूनबाई दिव्याला «जला», दाराला «बंद कर», कुकरला «चढ़ा», फोनला «मिला» आणि विरजणाला «जमा» म्हणत आल्या होत्या. ‘लाव’चा एकच अर्थ पाठ केलेल्या व्यक्तीला «दार लाव» म्हटल्यावर ती दाराला काय लावायचे हे विचारते, आणि त्यात तिची चूक नसते. म्हणून वरच्या वीस-पंचवीस क्रियापदांपुढे आम्ही अर्थ लिहिला नाही, तर निरोपांतून सापडलेली नामे लिहिली: लाव, आणि त्यापुढे दिवा, दार, कुकर, फोन, विरजण.

शंभर दिवसांबद्दल एवढेच म्हणतो की आज पाठ केलेला शब्द चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी पुन्हा समोर आला नाही तर तो निघून जातो, आणि रोज दहा नव्या शब्दांच्या हिशेबात जुन्यांची उजळणी कुठेच धरलेली नाही. आम्ही दिवसाला चार नवे शब्द घेतले आणि उरलेला वेळ जुन्यांना दिला.

मोजणी किती खोलवर उपयोगी पडते, हाही प्रश्न आहे. पहिल्या काही शब्दांत क्रमांकाला अर्थ असतो, कारण पहिला आणि पन्नासावा यांच्या वापरात खूप अंतर असते. पुढे ही घसरण इतकी मंदावते की अठराशेवा आणि तेविसशेवा शब्द यांत फरक उरत नाही, आणि संग्रह बदलला की ते जागा बदलतात. आमच्या वहीत साडेतीनशे मूळ शब्दांनंतर बहुतेक नोंदी एकाच दिवशी आलेल्या होत्या. तिथे आम्ही मोजणी थांबवली आणि पुढचे शब्द कामावरून घेतले: स्वयंपाकघरासाठी कोमट, विरजण, झाकण आणि बरणी, दवाखान्यासाठी ताप, खोकला आणि चक्कर. यातला विरजण हा शब्द दोन महिन्यांत एकदाच आला होता.