काकांची सही

बडोद्यात घर भाड्याने घ्यायचं तर आधी भाडेकरूला स्वतःचं अस्तित्व सिद्ध करावं लागतं. आधार, पॅन, पगाराची स्लिप, ऑफिसचं पत्र, शिवाय ‘घरात मासे तळणार का’ या प्रश्नाचं तोंडी प्रतिज्ञापत्र. दांडिया बाजारातल्या काकांनी हे सगळं चष्मा कपाळावर चढवून तपासलं. पॅनवरचा फोटो माझ्यासारखा दिसत नाही, अशी शंकाही काढली.

काकांचा कागद मात्र कोणी मागितला नाही. मागणार कसा? त्यांच्या हातात फ्लॅटची किल्ली होती. किल्ली हलवत उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या माणसाला मालकीचा पुरावा विचारणं म्हणजे बोहल्यावरच्या नवरदेवाकडे ओळखपत्र मागणं.

करार अकरा महिन्यांचा, म्हणजे नोंदणीची सक्ती नाही. ई-स्टॅम्प काढला आणि नोटरीकडे गेलो. त्यांनी शिक्का असा हाणला की टेबलावरचा चहा हिंदकळला. या माणसाने माझ्यासमोर सही केली, एवढंच तो शिक्का सांगतो. घर त्याचं आहे की गायकवाड सरकारचं, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. पोलीस पडताळणीच्या अर्जात माझं मूळ गाव, नोकरी, मागचा पत्ता सगळं आलं. ‘घरमालक’ या रकान्यात काकांनी सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं.

लाइट बिल कुणा तिसऱ्याच गृहस्थांच्या नावावर यायचं. त्याचं मला काही वाटलं नाही; आपल्याकडे माणूस जातो, मीटर राहतं. पण एके दिवशी महानगरपालिकेचं वेरा बिल, म्हणजे घरपट्टीचं बिल, आलं, ते एका बाईंच्या नावाने.

“काका, या कोण?”

“अरे, घरातलीच समज.”

या ‘समज’नंतर मला झोप लागेना. वेरा बिल म्हणजे काही मालकीचा दाखला नव्हे, म्हणून सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात अर्ज करून फ्लॅटची इंडेक्स-२ काढली. साधा कागद असतो तो. मिळकत कोणती, दस्ताचा क्रमांक काय, विकणारा कोण, घेणारा कोण. घेणाऱ्याच्या जागी त्याच बाई होत्या. काकांचा मागमूस नव्हता.

सेव उसळीच्या दुकानात काकांनी सगळं सांगून टाकलं. बाई पूर्वी त्यांच्या वाड्यात शेजारी होत्या, आता कॅनडात असतात. महिन्यातून एकदा खिडक्या उघडायच्या आणि वेरा भरायचा, एवढ्यासाठी किल्ली काकांकडे. “बंद घर खराब होतं रे. मी वापरात ठेवलं.” वेरा त्यांनी दरवर्षी वेळेवर भरला होता, हे खरं. यंदाचा माझ्या भाड्यातून.

ओळखीच्या वकिलांकडे धावलो. पहिली भीती अशी, की बाई आता मागचं सगळं भाडं पुन्हा मागतील. वकील म्हणाले, नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५० अशाच वेळी कामाला येतं. ज्याच्याकडून घर घेतलं त्याला तुम्ही सद्भावनेने भाडं दिलं असेल, तर त्याला ते घेण्याचा हक्क नव्हता हे पुढे उघड झालं तरी तेच भाडं तुमच्याकडून दुसऱ्यांदा वसूल होत नाही. मी सगळे पैसे बँकेतून दिले होते, त्यामुळे पुरावा चोख. “पण आता तुम्हाला कळलंय,” ते बोट वर करून म्हणाले, “इथून पुढे काकांना दिलं तर ती सद्भावना म्हणवणार नाही.” म्हणजे अज्ञानात मी सुरक्षित होतो आणि ज्ञान झाल्याबरोबर धोक्यात आलो.

करारावर विसंबून बाईंच्या घरात राहता येईल का, तर तेही नाही. त्यांनी काकांना घर भाड्याने द्यायचा अधिकारच दिला नव्हता, मग तो करार त्यांना बांधील कसा? आणि डिपॉझिट? ते घेतलं काकांनी, मागायचं काकांकडे. काकांनी त्यातून गुडघ्याचं ऑपरेशन उरकलं होतं.

शेवटी बाईंना व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे बर्फ पडत होता, इकडे काका घामाने निथळत होते. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी मला फ्लॅटच्या भिंती दाखवायला सांगितल्या, मोरीपर्यंत फिरवलं आणि म्हणाल्या, “ओल गेली की हो! राहा तुम्ही. फक्त रीतसर करू.”

रीतसर म्हणजे मुखत्यारपत्र. मालक स्वतः येऊ शकत नसेल तर त्याने नेमलेला मुखत्यार करारावर सही करू शकतो. फक्त त्या पत्रात घर भाड्याने देण्याचा आणि भाडं घेण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. बाईंनी तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमधून पत्र साक्षांकित करून पाठवलं. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागतो, तो लावला. राहिला प्रश्न मुखत्यार कोणाला करायचं याचा. बडोद्यात बाईंच्या विश्वासातलं दुसरं होतं कोण?

तर आम्ही पुन्हा त्याच नोटरीपुढे. तीच सही, तेच पेन, फक्त नावाआधी ‘तर्फे मुखत्यार’. या खेपेला मी आधी काकांचे कागद मागितले आणि ओळ न् ओळ वाचले. काका शांतपणे थांबले. मग माझं आधार कार्ड पुढे ओढत म्हणाले, “आता सगळं कायदेशीर झालंय, तर भाडं थोडं वाढवायचं का?”