पेमेंटच्या तारखा दगडावर कोरल्यात का?

आज डोकं लई फिरलंय, कुठंतरी बोलावं लागतंय म्हणून लिहायलोय. मी वाळूज एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघतो. आमच्याकडं सप्लायरचे पेमेंट महिन्यातून दोनदाच होतात, ५ ला अन् २० ला, मालकानं वर्षानुवर्षं तेच धरून ठेवलंय.

मागच्या महिन्यात जालन्याहून सळया आल्या, ६ लाखाचं बिल, तारीख ८. अट साधी, १० दिवसात पैसे दिले तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसात पूर्ण. म्हणजे १८ च्या आत दिले की १२ हजार वाचले. आता बघा, बिल स्टोअरमध्येच पाच दिवस पडून, मालाची तपासणी झाली नाही म्हणे, माझ्या टेबलावर आलं १३ ला! दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात, माझ्या हातात आल्यापासून नाही, हे स्टोअरवाल्याला किती वेळा सांगायचं.

१७ ला मी कागद घेऊन मालकाकडं गेलो. बँकेच्या सीसी लिमिटमध्ये, म्हणजे लागेल तसं उचलायच्या कर्जात, ११ लाख शिल्लक होते. मालक म्हणले, "२० ला जीएसटी भरायचाय, पैशाला हात लावू नको." अहो पण मी तेच तर मोजून आणलं होतं! ५ लाख ८८ हजार दिले तर ५ लाख १२ उरतात, त्यातून जीएसटीचे साडेतीन गेले तरी १ लाख ६२ हजार राहतात, आपण दीड लाख हातात ठेवायचे ठरवलेत, अन् २२ ला गिऱ्हाईकाचे पैसे यायचेच होते. ते पैसे हुकले असते तरी तोवर दुसरं कुठलंच मोठं देणं नव्हतं. पण नाही. ऐकूनच घेतलं नाही.

मग २० ला पण ते बिल काढलं नाही, कारण "मुदत आहे की अजून". शेवटी ५ ला पूर्ण ६ लाख गेले, अन् ७ ला पगार! शिल्लक सांभाळायची होती ना, मग पगाराच्या दोन दिवस आधी एवढे पैसे जाताना कुणाला काही वाटलं नाही? १८ ला दिले असते तर साडेदहा टक्क्यानं अठरा दिवसाचं सीसीचं व्याज तीन हजाराच्या आसपास बसलं असतं, वाचले असते बारा. नऊ हजार सरळ पाण्यात गेले, एका बिलावर.

मी काय फार मागतो का? दर मंगळवारी अन् शुक्रवारी पेमेंट काढू द्या, बिलं देय तारखेनं नाही तर सूट संपायच्या तारखेनं लावू द्या, अन् पुढच्या आठवड्याचे पगार, पीएफ, जीएसटी आधी बाजूला काढून उरलं त्यातूनच देऊ द्या. नाही उरलं तर सूट सोडायची, लिमिट फोडून सूट घ्या असं मी कधीच म्हणलो नाही.

आज परत त्याच सप्लायरचं बिल आलंय. तारीख ९ ची, सूट १९ पर्यंत. अन् सही होणार २० ला!