सील आधी फोडा, लेबल नंतर वाचा (किंवा वाचूच नका)

व्हिटॅमिन डी-३ च्या गोळ्या ऑनलाईन मागवल्यात ना? छान. आता पार्सल आलं की खोका फाडा, डबीचं सील फोडा आणि एक गोळी टाका तोंडात. लेबल बिबल वाचत बसायचं नाही, फोटोत डबी पिवळी होती, हातातलीही पिवळीच आहे, झालं की!

समजा डॉक्टरांनी काकूंना ६०,००० आययूची गोळी लिहून दिलीय, आठवड्याला एक, आठ आठवडे. लिस्टिंगच्या टायटलमध्ये ६०,००० होतं पण डबीवर लिहिलंय ५० मायक्रोग्रॅम. आता घरातला एखादा शहाणा म्हणेल की डी-३ च्या मायक्रोग्रॅमला ४० ने गुणलं की आययू निघतात, म्हणजे ही २,००० चीच झाली, ६०,००० ला १,५०० मायक्रोग्रॅम हवेत. त्याला चहा करायला पाठवा. काकू इमानेइतबारे आठवड्याला एक घेतील, आठ आठवड्यांत १६,००० पोटात जातील, डॉक्टरांना हवे होते ४,८०,०००, आणि मग रिपोर्ट तसाच आला की डॉक्टरच बदलायचा.

उलटं झालं तर अजून मजा. रोजची २,००० ची मागवली आणि आली ६०,००० ची, तर रोज एका घासात महिन्याभराचा डोस! असं चालू राहिलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, पुढे किडनीला त्रास. पण तुम्ही म्हणा, उन्हाळा आहे.

बारीक अक्षरांकडे तर बघूच नका. तिथे आकडा "पर सर्व्हिंग" असतो, आणि सर्व्हिंग म्हणजे दोन गोळ्या असतील तर एका गोळीत निम्मंच. तिथेच एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आणि "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल, तर ते सप्लिमेंट आहे, डॉक्टरांनी लिहिलेलं औषध नव्हे. पण आपल्याला काय त्याचं.

ब्रँडचं नाव एका अक्षराने वेगळं असेल तर प्रिंटिंग मिस्टेक समजा. बनवणारी कंपनी वेगळी आणि विकणारा ब्रँड वेगळा हे मात्र खरंच चालतं, कितीतरी ब्रँड दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेतात, त्यामुळे तेवढ्यावरून आरडाओरडा करू नका (हा एकच सल्ला मी सिरियसली देतोय). बिलावरचा सेलर आणि लिस्टिंगवरचा सेलर जुळतो का, हे मात्र अजिबात तपासायचं नाही. त्याच पानावर ६० ऐवजी १२० गोळ्यांचा पॅक निवडला की सेलर गुपचूप बदलू शकतो, पण एवढं कोण बघतं!

स्क्रीनशॉट तर ऑर्डर करताना काढूच नका. नंतर लिस्टिंगचं टायटल बदललं की तुम्ही कस्टमर केअरला सांगा, "अहो तिथे ६०,००० लिहिलं होतं हो", ते विचारतील फोटो आहे का, सील शाबूत आहे का. सील तर तुम्ही पहिल्याच मिनिटात फोडलंय, आणि दोन गोळ्या कमी पण आहेत.