ट्रिप्टेज वीसच्या आत आलं, तरी बोन मॅरो का? नीलिमाताईंना उत्तर

नीलिमाताईंची प्रतिक्रिया:

«डॉक्टर, तुमचा लेख वाचून दोन रात्री झोप नाही. माझ्या मिस्टरांना ताम्हिणीजवळ गांधीलमाशी चावली आणि ते जागच्या जागी चक्कर येऊन पडले. नंतर तपासलं तर गांधीलमाशीचा आयजीई पॉझिटिव्ह, म्हणजे ॲलर्जी. ट्रिप्टेज १७ आलं, तुम्हीच लिहिलेल्या २० च्या आत. विषय तिथेच संपतो ना? मग धडधाकट माणसाच्या हाडात सुई घालायची भीती कशाला घालता? पुण्यात तपासण्यांचा बाजार आधीच कमी आहे का?»

नीलिमाताई,

त्या लेखाचा विषय होता सिस्टेमिक मास्टोसायटोसिस, म्हणजे एका बिघडलेल्या मास्ट पेशीपासून तशाच पेशी अंगात वाढत जाण्याचा आजार, आणि त्यासाठी लागणारी बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी. तुमच्या यजमानांचा आयजीईचा, म्हणजे ॲलर्जीच्या प्रतिपिंडाचा रिपोर्ट मी खराच धरतो. त्यांना गांधीलमाशीच्या विषाची ॲलर्जी आहे. पण ॲलर्जीची रसायनं साठवून ठेवणाऱ्या मास्ट पेशी कशामुळे फुटल्या, एवढंच आयजीई सांगतो. त्या पेशी मुळात निरोगी आहेत की एकाच बिघडलेल्या पेशीपासून वाढलेल्या आहेत, हे त्यातून कळत नाही. विषाची ॲलर्जी आणि सिस्टेमिक मास्टोसायटोसिस एकाच माणसात असू शकतात. आणि असतात तेव्हा साध्या डंखानं माणूस जिवावरच्या संकटात सापडतो.

आता १७ या आकड्याकडे येऊ. त्याबद्दल माझा पहिला प्रश्न असा, की रक्त कधी काढलं होतं?

ट्रिप्टेज हे मास्ट पेशींच्या आत साठवलेलं एन्झाइम. पेशी फुटल्या की ते रक्तात येतं, तास-दीड तासात सर्वांत वर जातं आणि मग साधारण दर दोन तासांनी निम्मं होत उतरतं. म्हणून प्रतिक्रियेच्या वेळचा नमुना चार तासांच्या आत घ्यायचा असतो. दुसरा नमुना सगळी लक्षणं गेल्यावर किमान २४ तासांनी घ्यायचा, ती त्या माणसाची नेहमीची पातळी. या दोन आकड्यांची जोडी नसेल तर एकट्या आकड्याचा अर्थ लावणं अवघड जातं. ताडून पाहण्याचं सूत्र सोपं आहे: नेहमीच्या पातळीला १.२ ने गुणायचं, त्यात २ मिळवायचे. प्रतिक्रियेच्या वेळचा आकडा तेवढा किंवा त्याहून जास्त असेल, तर मास्ट पेशी खरोखरच फुटल्या होत्या.

समजा तुमच्या यजमानांचे ते १७ डंखानंतर दोन तासांनी घेतलेल्या रक्तातले आहेत आणि महिन्यानं पुन्हा तपासल्यावर ४ आले. सूत्रानं मर्यादा ६.८ येते, १७ त्याच्या बरेच वर. म्हणजे ॲलर्जीची जोरदार प्रतिक्रिया आली आणि पातळी पूर्ण खाली उतरली. अशा माणसाला मी लगेच बोन मॅरो करा असं म्हणणार नाही. पण हेच १७ डंखानंतर काही आठवड्यांनी, घरी ठणठणीत असताना आले असतील तर? बहुतेक प्रयोगशाळांत ट्रिप्टेजची नॉर्मल मर्यादा ११.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असते. तेव्हा ती पातळी वाढलेलीच म्हणावी लागेल.

मग २० कुठून आले? जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या आजाराचा एक मोठा निकष आहे आणि चार छोटे. मोठा निकष असा, की बोन मॅरोत किंवा त्वचेबाहेरच्या दुसऱ्या अवयवात १५ किंवा अधिक मास्ट पेशींचे दाट पुंजके अनेक ठिकाणी दिसावेत. छोट्या निकषांपैकी पहिल्यात मास्ट पेशींतल्या पाव हिश्शाहून जास्त पेशी चातीसारख्या लांबट किंवा विचित्र आकाराच्या असतात. दुसरा किट जनुकातला त्याला सतत चालू ठेवणारा बदल, जो बहुतेक वेळा ८१६ या जागेवरचा डी८१६व्ही असतो. तिसरा, मास्ट पेशींवर सीडी२५ किंवा सीडी२ सारखी एरवी नसणारी खूण. आणि चौथा, नेहमीचं ट्रिप्टेज २० च्या वर. मोठा निकष आणि एक छोटा, किंवा तीन छोटे जुळले की निदान होतं. म्हणजे २० ओलांडलं म्हणून आजार ठरत नाही, आणि २० च्या आत राहिलं म्हणून तो सुटतही नाही.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका रुग्णाच्या उदाहरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय ४६, कोथरूडचे गृहस्थ, वेल्ह्याकडे शेत. तिथे गांधीलमाशीचा डंख झाला आणि दहा मिनिटांत ते कोसळले. रक्तदाब ७० पर्यंत उतरलेला. अंगावर पित्त उठलं नाही, ओठ-डोळे सुजले नाहीत. साध्या ॲलर्जीत गांधी उठतात, खाज सुटते, चेहरा सुजतो. त्यातलं काहीच न होता पुरुष माणूस थेट बेशुद्ध पडतो, तेव्हा माझ्या मनात मास्टोसायटोसिस आधी येतो.

तिथल्या तरुण डॉक्टरनं ॲड्रेनलिन दिलं आणि दोन तासांच्या आत एक जादा नळी रक्त काढून सीरम फ्रिजमध्ये ठेवलं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं, कारण ट्रिप्टेज थंडीत चांगलं टिकतं, नमुना दुसऱ्या दिवशी पाठवता येतो. पण ती वेळ निघून गेली की तो आकडा पुन्हा मिळत नाही. त्या नमुन्यात ४६ आले, महिन्यानं नेहमीची पातळी १८. सूत्रानं मर्यादा २३.६ येते, म्हणजे मास्ट पेशी नक्की फुटल्या. पण खाली उतरूनही पातळी १८ वरच थांबली.

सीबीसी अगदी नॉर्मल होती: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळं जागच्या जागी. इथे अनेकजण निश्चिंत होतात. पण या आजाराच्या सौम्य प्रकारात सीबीसी बहुधा नॉर्मलच असते. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरू लागणं, इओसिनोफिल किंवा मोनोसाइट वाढणं हे पुढच्या टप्प्याचं किंवा सोबतच्या दुसऱ्या रक्तविकाराचं लक्षण, त्याची वाट पाहायची नसते.

हाडाला हात लावण्याआधी त्यांच्या हातातल्या रक्तातच किटचा बदल शोधला. इथे पद्धतीला फार महत्त्व आहे. रक्ताच्या कर्करोगासाठी जी सरसकट जनुक-पॅनेल करतात, ती साधारण एक ते पाच टक्क्यांच्या खालचा बदल पकडत नाही, आणि अशा रुग्णांच्या रक्तात बदल अनेकदा एक टक्क्याच्या दशांशाहूनही कमी असतो. त्यांचं पॅनेल आधी एका ठिकाणी निगेटिव्ह आलं होतं. तोच एक बदल नेमका शोधणाऱ्या ॲलील-स्पेसिफिक पीसीआरवर तो ०.०३ टक्के सापडला.

मग बोन मॅरो केलं. कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून, द्रव आणि हाडाचा बारीक तुकडा असे दोन्ही नमुने घेतले. तुकड्याचा पहिला रिपोर्ट ‘सर्व पेशी नॉर्मल’ असा आला. यात कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. नेहमीच्या रंगात लांबट मास्ट पेशी तंतुपेशींसारख्या दिसतात आणि हाडाच्या पट्टीलगत किंवा रक्तवाहिनीभोवती दडून बसतात. द्रवात तर त्या बऱ्याचदा उतरतच नाहीत. तुकड्यावर मास्ट पेशी दाखवणारे ट्रिप्टेज आणि सीडी११७ चे रंग लावले तेव्हा पाच-सात पेशींचे विरळ गट दिसू लागले. पंधराचा पुंजका एकही नव्हता, म्हणजे मोठा निकष बसत नव्हता. पण अर्ध्याहून जास्त मास्ट पेशी लांबट होत्या, आणि सीडी२५ लावल्यावर त्याच पेशी तपकिरी उठून आल्या. सीडी११७ निरोगी मास्ट पेशींवरही असतं, म्हणून एकट्या त्या रंगावरून काही ठरत नाही. निरोगी मास्ट पेशी सीडी२५ दाखवत नाहीत. द्रवाच्या पहिल्याच ओढीतला भाग जनुक-तपासणीसाठी वेगळा ठेवला होता, कारण हाड मऊ करायला वापरलेलं तीव्र ॲसिड डीएनए खराब करतं. त्यातही किटचा बदल मिळाला. आकार, खूण, जनुक असे तीन छोटे निकष जुळले. ट्रिप्टेज २० च्या आत राहूनही निदान पक्कं झालं.

ॲलर्जी आणि हा आजार इथे वेगळे होतात. फक्त ॲलर्जी असलेल्या माणसाच्या मॅरोत मास्ट पेशी थोड्या, गोल, सुट्या विखुरलेल्या असतात, सीडी२५ निगेटिव्ह आणि किटचा बदल नसलेल्या.

उलट्या बाजूची चूकही होते. काही कुटुंबांत टीपीएसएबी१ या जनुकाची जादा प्रत वारशानं येते आणि ट्रिप्टेज जन्मभर थोडं वरच राहतं. याला हेरेडिटरी अल्फा ट्रिप्टेसिमिया म्हणतात. पाश्चात्त्य देशांतल्या पाहणीत शंभरातल्या पाचेक जणांत ते आढळतं. मूत्रपिंड निकामी असतानाही ट्रिप्टेज वाढतं. म्हणून नुसतं १२ किंवा १५ आलं की सुई काढणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. कोळंबी खाल्ल्यावर पित्त उठलं, धाप लागली, नेहमीचं ट्रिप्टेज ४, अशा माणसाला मॅरोची गरज नाही. तुमचा राग अशा अनावश्यक तपासण्यांवर असेल तर मी तुमच्याबरोबर आहे.

तुमच्या यजमानांचं मात्र वेगळं आहे. स्पेनमधल्या तज्ज्ञांनी बनवलेला रेमा नावाचा गुणांक आहे. पुरुष असेल तर एक गुण, चक्कर किंवा बेशुद्धी असेल तर तीन. पित्त, खाज, सूज काहीच नसेल तर आणखी एक, असेल तर दोन वजा. नेहमीचं ट्रिप्टेज १५ च्या आत असेल तर एक वजा, २५ च्या वर असेल तर दोन अधिक. दोन किंवा जास्त गुण झाले की बिघडलेल्या मास्ट पेशींची शक्यता मोठी. १७ ही त्यांची नेहमीची पातळी असेल तर पित्त उठलं असं धरूनही दोन गुण होतात, नसेल उठलं तर पाच. हे निदान नाही, पण पुढे शोधायला पुरेसं कारण आहे.

शोधून उपयोग काय? विषाची ॲलर्जी असलेल्यांना विषाचीच इंजेक्शनं देऊन सवय लावतात, ती एरवी तीन ते पाच वर्षांनी थांबवतात. मास्टोसायटोसिस असेल तर जन्मभर चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो, कारण थांबवल्यानंतरच्या डंखानं माणसं दगावली आहेत. शिवाय या आजारात पुरुषांचीही हाडं ठिसूळ होतात. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये मणके ठिसूळ निघाले, आणि त्यांना पाठदुखी शेतीकामाची वाटत होती. या सौम्य प्रकारात आयुष्यमान जवळपास इतरांइतकंच असतं, केमोथेरपी लागत नाही. हे वाचून तरी आज झोप लागावी.

तुम्ही आता एवढं करा. त्या दिवसाचं केसपेपर काढा आणि रक्त काढल्याची वेळ बघा. शंका असेल तर ट्रिप्टेज आता पुन्हा करा, सोबत क्रिएटिनिन. मांड्यांवर, पोटावर चोळल्यावर फुगणारे तपकिरी ठिपके आहेत का ते त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पातळी पुन्हा १५ च्या वर आली किंवा रेमाचे गुण दोन वा जास्त झाले तर रक्तातला किट डी८१६व्ही पीसीआरनं तपासा आणि ‘कोणत्या पद्धतीनं, किती टक्क्यांपर्यंत पकडता’ हे प्रयोगशाळेला विचाराच. तो निगेटिव्ह आला तरी गुण जास्त असतील तर हिमॅटॉलॉजिस्टशी मॅरोबद्दल बोला, आणि तुकड्यावर ट्रिप्टेज, सीडी११७ व सीडी२५ हे तिन्ही रंग मागा. तोवर ॲड्रेनलिन कसं आणि किती द्यायचं हे तुमच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून दोघांनीही शिकून घ्या, आणि ताम्हिणीला त्यांना एकटं पाठवू नका.